पत्रिका बघणार? आणि मग?

साखरपुडा झालेला असतो. हॉल ठरलेला असतो, त्याचा ॲडव्हान्सही गेलेला असतो. मग दोन्हीकडचे वडील मुहूर्त काढायला गुरुजींकडे जातात. "दोघांची रास-नक्षत्रं सांगा," असं गुरुजी सवयीने म्हणतात, कारण मुहूर्ताला ती लागतातच. पंचांग उघडतं, कोष्टकावरून बोट फिरतं आणि ते म्हणतात, "एकनाड आहे की हो. आधी बघितलं नव्हतं का?"

नव्हतं बघितलं. मुलीने मुलाला पहिल्याच भेटीत सांगितलेलं असतं, "आमच्याकडे पत्रिकेचं फार काही नाही." ती खोटं बोललेली नसते. तिच्या घरी पत्रिकेवरून कधी भांडण झालेलं तिने पाहिलेलं नसतं, कारण भांडण व्हावं असा प्रसंगच आलेला नसतो. मुलगा तर या विषयात कोराच. जन्मवेळ आईला विचारावी लागेल, इतपतच त्याचा पत्रिकेशी संबंध. त्या दुपारपासून पुढच्या तीन आठवड्यांत जे फोन होतात, त्यात नक्षत्रं कमी आणि "हे आधी का नाही सांगितलं" हेच जास्त असतं.

लग्नाच्या वयाची मुलं-मुली हल्ली पगार, परदेश, स्वयंपाक, आईवडिलांसोबत राहणं हे सगळं दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत विचारतात. पत्रिकेचा विषय मात्र "मानतोस का?" "नाही." "मी पण नाही" इथेच संपतो. लग्न ठरवणाऱ्यांपैकी नेमकी जी माणसं मानतात, ती त्या कॉफीच्या टेबलाशी बसलेलीच नसतात. म्हणून मानतोस का, हा प्रश्नच कामाचा नाही. तुमच्या घरी कोण बघणार, काय बघणार, आणि उत्तर वाईट आलं तर त्या उत्तराच्या हातात किती सत्ता आहे, हे विचारायला हवं.

त्यासाठी बघतात म्हणजे काय बघतात, हे न मानणाऱ्यालाही थोडं माहीत असावं. एक उदाहरण घेऊ. मुलगी नाशिकची, पुण्यात बँकेत नोकरी. तिचे वडील पत्रिका बघणारे. मुलगा कोल्हापूरचा, पुण्यातच शिकवतो. त्याच्या घरी दोन पिढ्या कुणी पत्रिका मांडलेली नाही. मुलीचं नक्षत्र मृग, रास वृषभ. मुलाचं अनुराधा, रास वृश्चिक.

आपल्याकडे "गुण जुळवणं" म्हणतात ते फक्त चंद्रावरून होतं. जन्माच्या वेळी चंद्र कोणत्या नक्षत्रात आणि राशीत होता, एवढ्यावर आठ गोष्टी तपासतात: वर्णाला १ गुण, वश्याला २, तारेला ३, योनीला ४, ग्रहमैत्रीला ५, गणाला ६, राशीकूटाला ७ आणि नाडीला ८. बेरीज ३६. १८ च्या वर गेलं की चालतं, असा संकेत. आपल्या जोडीत दोघांचाही देवगण, म्हणून गणाचे ६ पूर्ण. वृषभ आणि वृश्चिक एकमेकींपासून सातव्या राशी, म्हणून राशीकूटाचेही ७ पूर्ण. इतर थोडेथोडे धरून बेरीज विसाच्या पुढे जाते. मोबाइलवरच्या कुठल्याही ॲपमध्ये घातलं तरी जुळतं असंच दिसेल.

पण नाडी शून्य. २७ नक्षत्रांचे तीन गट केलेले आहेत, आद्य, मध्य आणि अंत्य, प्रत्येकात नऊ नक्षत्रं. मृग आणि अनुराधा दोन्ही मध्य नाडीची. म्हणजे एकनाड. आणि पत्रिका बघणाऱ्या पुष्कळ घरांत एकनाड ही बेरजेच्या बाहेरची गोष्ट असते. बाकीचे गुण कितीही असोत, एकनाड म्हटलं की पोथी मिटायची. संततीला त्रास होतो, रक्त एक असतं, अशी त्यामागची समजूत. नाडीचा रक्ताशी काडीचा संबंध नाही, ती चंद्राच्या नक्षत्रावरून ठरते. रक्तगटाची किंवा थॅलेसिमियाची काळजी असेल तर त्याच्या तपासण्या प्रयोगशाळेत होतात आणि त्या कराव्यातही. पण एकनाडीची भीती ही समजूत आहे, एवढं सांगितल्याने नाशिकच्या वडिलांची रात्रीची झोप परत येत नाही.

दुसरी मोठी गोष्ट मंगळ. हा गुणमेलनाच्या कोष्टकात नसतोच, त्याला पूर्ण पत्रिका लागते. लग्नस्थानापासून मोजून १, ४, ७, ८ किंवा १२ व्या स्थानात मंगळ असला की "मंगळाची पत्रिका" झाली. एकाला मंगळ आहे आणि दुसऱ्याला नाही, हे लोकांना खुपतं. दोघांनाही असला की चालतो. आणि बोलताना "मुलीला मंगळ आहे" हे वाक्य जेवढं ऐकू येतं, तेवढं मुलाबद्दलचं येत नाही. शास्त्र म्हणून जे काही आहे ते दोघांना सारखं, पण शिक्का बसतो तो मुलीवर.

आता जरा हिशेब करू. शाळेतल्या गणितापलीकडचं त्यात काही नाही. तीन नाड्या, तिन्हींत सारखी नक्षत्रं. तेव्हा कोणतीही दोन माणसं घेतली तर एकनाड निघण्याची शक्यता तीनात एक. मंगळाची पाच स्थानं, एकूण बारा. म्हणजे ढोबळमानाने शंभरातल्या बेचाळीस जणांना मंगळ असतोच. तो काही दुर्मिळ दोष नाही, रस्त्यावरचा जवळजवळ निम्मा समाज मंगळाचा आहे. यातून एकाला मंगळ आणि दुसऱ्याला नाही, अशी जोडी निघण्याची शक्यता जवळपास निम्मी. एखादं घर "एकनाड नको आणि मंगळ जुळला पाहिजे" या दोनच अटी काटेकोर पाळत असेल, तर त्या दोन्ही ओलांडणाऱ्या जोड्या उरतात साधारण चौतीस टक्के. १८ गुणांची अट अजून लावलेलीच नाही.

तीनातल्या दोन जोड्या गळतात, हे आकडे डोळ्यांपुढे असले की "बघू, आलं तर बघू" या वाक्याचा अर्थ बदलतो. अडचण येणं हीच तिथे नेहमीची गोष्ट आहे, अडचण न येणं हा नशिबाचा भाग. काटेकोर घरातल्या मुलीने हा विषय पुढे ढकलला, तर ती एका किरकोळ औपचारिकतेला उशीर करत नसते. ज्या दाराची कडी आतून लागलेली असण्याचा संभव जास्त, त्या दारापर्यंत ती दुसऱ्याला न सांगता चालवत नेत असते.

ठरवून होणाऱ्या लग्नात हे सगळं निदान क्रमाने येतं. बायोडेटावर रास, नक्षत्र, गण, नाडी छापलेलं असतं. आधी पत्रिका, मग फोन, मग पोहे, असा शिरस्ता. जिथे बघायचीच नाही तिथे जाहिरातीतच "पत्रिका पाहणे नाही" असं लिहितात. तरी घोळ होतोच, आणि बहुतेक वेळा याच कारणाने: विवाहसंस्थेच्या साइटवरचं प्रोफाइल मुलाने किंवा मुलीने स्वतः भरलेलं असतं. तिथल्या पत्रिकेच्या रकान्यात त्यांनी स्वतःचं मत लिहिलेलं असतं, घराचं नव्हे. दोघं चार वेळा भेटतात, आवडतात, आणि मग मुलीची आई "हे फक्त आमच्या समाधानासाठी हं" म्हणत जन्मवेळ मागते. फक्त समाधानासाठी मागितलेल्या पत्रिकेने समाधान झालं नाही तर काय, हे तेव्हा कुणी विचारत नाही. ते विचारणं उद्धटपणाचं वाटतं.

प्रेमातून होणाऱ्या लग्नात तर क्रमच नाही. तिथे माझं मत असं की पहिल्या भेटीत हा विषय काढायची गरज नाही. पण दोघांपैकी एकाच्याही तोंडून "घरी सांगूया का" हे शब्द येण्याआधी तो झालेला असावा. घरी सांगितल्यावर विषय दोघांचा राहत नाही. त्यात मामा येतात, आत्या येते, आणि आत्याच्या ओळखीचे एक फार चांगले ज्योतिषी येतात.

आपल्या नाशिकच्या मुलीने कसं बोलावं? "तुझा विश्वास आहे का रे यावर?" असं नको. त्या प्रश्नावर मुलगा हसून नाही म्हणेल, तीही हसेल आणि गोष्ट तिथेच मिटेल. तिने घरची वस्तुस्थिती सांगावी. अशी:

"एक सांगायचं राहिलंय. माझे बाबा पत्रिका बघतात. मी स्वतः नाही मानत, पण ते मनापासून मानतात. ताईच्या वेळी एक स्थळ त्यांनी एकनाडीवरून सोडलं होतं. गुण कमी असले तर ते ऐकतील असं वाटतं, एकनाड किंवा मंगळ आला तर अडतील. आपलं पुढे जायचं असेल तर हे आताच बघून टाकू, किंवा मी आधी बाबांशी बोलते. तुला काय वाटतं?"

या बोलण्यात चार गोष्टी आल्या. कोण बघतं, काय बघतात, पूर्वी प्रत्यक्षात काय केलंय आणि कुठे अडतील. पैकी तिसरी सगळ्यात महत्त्वाची. घरचे लोक पत्रिकेबद्दल काय बोलतात यावरून काही कळत नाही. थोरल्या भावंडाच्या किंवा चुलतभावाच्या वेळी काय केलं, त्यावरून कळतं. रोज पंचांग वाचणारे पण मुलाच्या हट्टापुढे मुकाट्याने मुहूर्त काढून देणारे वडीलही असतात. आणि "आम्ही तसले नाही हो" म्हणणारी, पण साखरपुड्यानंतर गुपचूप तीन ज्योतिषांकडे जाऊन येणारी आईही असते. ज्या घरात आधीचं उदाहरणच नाही, तिथे गृहीत धरू नये. आईला सरळ विचारावं, "मुहूर्त काढताना गुरुजी रास-नक्षत्र मागतील. तेव्हा एकनाड निघाली तर बाबा काय म्हणतील?" मुहूर्ताचा प्रश्न विचारला की खरं उत्तर येतं, कारण तो प्रश्न खराच येणार असतो.

पाचवी गोष्ट मुलीने सांगितली नाही, आणि सांगायला ती सगळ्यात अवघड आहे. बाबा नाहीच म्हणाले, तर ती स्वतः काय करणार? मुलाला ते विचारण्याचा हक्क आहे. तिला लगेच उत्तर देता आलं नाही तर त्यात लाज नाही. पण "तू काळजी करू नकोस, मी बघते" हे उत्तर नव्हे. "मला माहीत नाही, बाबांच्या विरोधात जाऊन लग्न करण्याची माझी तयारी आज नाही," हे ऐकायला वाईट आहे, पण ते उत्तर आहे. ते दुसऱ्या भेटीत मिळालं तर मुलगा विचार करू शकतो. सहा महिन्यांनी मिळालं तर त्याला फसवल्यासारखं वाटतं, फसवण्याचा हेतू कुणाचाही नसला तरी.

आता न मानणाऱ्याची बाजू. कोल्हापूरच्या मुलाला वाटतं, माझ्याकडून या विषयात करण्यासारखं काही नाही. तसं नाही. त्याला निदान एक ठरवावं लागतं: जन्माची तारीख, वेळ आणि गाव द्यायचं की नाही. काही जण तत्त्वाने देत नाहीत. त्यात गैर काही नाही, फक्त ते सुरुवातीलाच सांगावं. हिंदू विवाह कायद्याच्या अटींत पत्रिकेला जागा नाही, विशेष विवाह कायद्यातही नाही. तेव्हा ती देण्याचं बंधन कुणावरच नाही. काही जण "घ्या, बघा काय बघायचं ते" म्हणून देऊन टाकतात. तेही ठीक. पण देताना आपली अट सांगून द्यावी, कारण दिलेली जन्मवेळ परत घेता येत नाही.

तिसरा एक रस्ता असतो आणि न मानणाऱ्यांना त्याचाच मोह पडतो. वेळ थोडी फिरवून द्यायची. "असल्या गोष्टीत खरं-खोटं काय बघायचं," असं म्हणत. तांत्रिकदृष्ट्या ते सोपं आहे. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो, त्यामुळे वेळ तासाभराने चुकली तरी गुण सहसा बदलत नाहीत. लग्नरास मात्र साधारण दोन तासांनी बदलते आणि मंगळाचं स्थान तिच्यावरून मोजतात. बाराव्यातला मंगळ वेळ दोनेक तास पुढे सरकवली की अकराव्यात जातो आणि पत्रिका निर्मळ होते. मंगळाच्या मुलींच्या पत्रिका अशा "दुरुस्त" करून घेण्याचा प्रकार जुना आहे, आणि ज्या समाजाने तिच्यावर शिक्का मारला त्यानेच ती वेळ आणली, असं म्हणता येईल. तरीही हे करू नये. इथे प्रश्न ग्रहांचा नाही. ज्यांना पत्रिका खरी वाटते त्यांच्याशी ते खोटं बोलणं ठरतं. आणि ते उघडकीस येतं, कधी बारशाच्या वेळी मांडलेल्या जुन्या पत्रिकेतून, कधी आजीच्या गप्पांतून. मग नवा जावई पत्रिकेबाबत खोटं बोलला, तर पगाराबाबत काय, इथपर्यंत गाडी जाते.

खरी वेळ माहीतच नसणं ही वेगळी गोष्ट. जन्मदाखल्यावर सहसा तारीख आणि ठिकाण असतं, वेळ नसते. वेळ सापडली तर दवाखान्याच्या कागदावर सापडते. "दिवेलागणीला झालास" एवढंच आईला आठवत असेल तर गुण काढता येतात, मंगळ खात्रीने सांगता येत नाही. तेवढंच कळवावं. परदेशात जन्मलेल्यांच्या बाबतीत अजून एक खोच आहे. अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करतात. पत्रिका मांडताना तो तास वजा करायचा राहिला की लग्नरास बदलू शकते. न्यू जर्सीत जुलैमध्ये जन्मलेल्या मुलाला भारतातल्या एका ज्योतिषाने मंगळ सांगावा आणि दुसऱ्याने नाही म्हणावं, यात दोघंही आपापल्या गणितात बरोबर असू शकतात.

आपल्या जोडीतल्या मुलाने वेळ द्यायचं ठरवलं. देताना तो म्हणाला, "बघायला माझी हरकत नाही. पण तीन गोष्टी आधी ठरवू. एकदाच आणि एकाच ठिकाणी बघायचं. काय निघालं तर तुमच्याकडे नाही म्हणतील, ते बघण्याआधीच सांगायचं. आणि हो म्हणाले तर विषय कायमचा संपला."

पहिली अट का, तर ज्योतिषी बदलला की उत्तर बदलतं. लबाडी म्हणून नव्हे, पद्धतीच वेगळ्या असतात म्हणून. कुणी मंगळ फक्त लग्नावरून बघतात, कुणी चंद्रावरूनही. टिळक पंचांग आणि बाकीची प्रचलित पंचांगं राशिचक्राची सुरुवात वेगवेगळ्या ठिकाणी धरतात. फरक सुमारे चार अंशांचा, आणि एक नक्षत्र तेरा अंश वीस कलांचं. म्हणजे पुष्कळांचं नक्षत्रच पंचांगाप्रमाणे बदलतं, आणि नक्षत्र बदललं की नाडीही बदलू शकते. शिवाय परिहार असतात. रास एक पण नक्षत्रं वेगळी असली की एकनाडीचा दोष जातो म्हणतात. मंगळ स्वतःच्या राशीत किंवा उच्चीचा असला की तो सौम्य. एवढी दारं उघडी असताना ज्याला हो म्हणायचंय त्याला हो मिळतं आणि ज्याला नाही म्हणायचंय त्याला नाही मिळतं. अनेक ठिकाणी फिरण्याचा शेवट त्यामुळे ग्रहांपाशी होत नाही, फिरणाऱ्याच्या इच्छेपाशी होतो.

दुसरी अट का, तर नंतर ठरवलं की निकष निकालाला बघून ठरतो. मुलगा आवडला असेल तर एकवीस गुण पुरतात, नसेल तर अठ्ठावीसही कमी पडतात. मराठी घरांत "पत्रिका जुळत नाही" हा स्थळ नाकारण्याचा सभ्य मार्ग आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पगार कमी वाटला, रंग सावळा वाटला, पोटजात चालली नाही, की पत्रिका पुढे करायची. दुसऱ्याचं मन राखण्यासाठी तो बरा असेल. पण त्यामुळे खरोखर पत्रिकेवरून आलेला नकारही कुणी खरा मानत नाही. मुलाकडचे म्हणत राहतात, "खरं कारण काही वेगळंच असणार." निकष आधी बोलून ठेवलेला असला की निदान ही शंका उरत नाही.

तिसऱ्या अटीबद्दल मुलाला नव्हे, मुलीला जास्त काळजी वाटायला हवी. कारण ही अट बहुधा उलट्या घरी मोडते. परिहार सांगून, शांत करून, नाराजीने झालेलं लग्न असेल, तर पुढे घरात काहीही वाईट घडलं की जुना कागद बाहेर येतो. बाळंतपण अवघड गेलं, सासऱ्यांना हार्ट ॲटॅक आला, नोकरी गेली, "म्हणत होतो ना, एकनाड आहे." पत्रिका बघणारं घर मुलाचं असलं तर हे ऐकायला सून त्याच घरात बसलेली असते. म्हणून अशा घरात लग्न करून जाणाऱ्या, न मानणाऱ्या मुलीने लग्नाआधी नवऱ्या मुलाकडून एवढं तरी कबूल करून घ्यावं, की हे वाक्य घरात पुन्हा उच्चारलं गेलं तर त्याला उत्तर तो देईल, ती नव्हे.

हेच सुरुवातीच्या बोलण्यालाही लागू आहे. ज्याचं घर बघतं, त्यानेच आपल्या घराशी बोलायचं. नाशिकच्या वडिलांना समजवायला कोल्हापूरच्या मुलाला पाठवण्यात अर्थ नाही. तो गेला तर काय होईल, सांगतो. तो डॉ. जयंत नारळीकरांनी सहकाऱ्यांबरोबर केलेली चाचणी सांगेल. हुशार आणि मतिमंद अशा दोनशे मुलांच्या पत्रिका घेऊन प्रत्येक ज्योतिषाला चाळीस दिल्या होत्या, आणि ज्या सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली त्यांच्या बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण ४६ टक्के निघालं, म्हणजे नाणं उडवून मिळेल तेवढंही नाही. हे सगळं खरं आहे. पण काका ऐकून घेतील, चहा देतील, आणि मुलगा गेल्यावर म्हणतील, "पोरगा हुशार आहे, पण आपल्याला शिकवतोय." मुलीने एकटीने बाबांपाशी बसून "बाबा, तुम्हाला नक्की कशाची भीती वाटते?" असं विचारलं, तर गोष्ट वेगळ्या रस्त्याने जाते. बऱ्याचदा भीती ग्रहांची नसते. उद्या काही झालं तर नातेवाईक "बघितलं नव्हतं का" म्हणतील, त्याची असते.

उशिरा काढलेली पत्रिका कुठवर जाऊ शकते, याचं एक टोकाचं उदाहरण सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे होतं. लग्नाचं वचन देऊन शरीरसंबंध ठेवले आणि मग माघार घेतली, अशी स्त्रीची तक्रार होती. पुरुषाच्या बाजूने युक्तिवाद झाला की पत्रिका जुळत नसल्याने लग्न होऊ शकलं नाही, यात फसवणूक नाही. न्यायमूर्ती एस. के. शिंदे यांनी तो मानला नाही आणि आरोपमुक्तीचा अर्ज फेटाळला. तो अंतिम निकाल नव्हता, खटला पुढे चालवावा इतकाच त्याचा अर्थ. पण संबंध इतके पुढे गेल्यावर ग्रहांकडे बोट दाखवणं न्यायालयाला सबब वाटू शकते, हे त्यातून दिसलं.

आपल्या जोडीचं काय झालं, तर मुलीने दुसऱ्या भेटीनंतरच वडिलांना सगळं सांगितलं. अजून घरी कुणी कुणाला भेटलं नव्हतं, तेव्हा कुणाची मानहानी होण्याचा प्रश्न नव्हता. वडिलांनी नेहमीच्या गुरुजींना फोन केला. विसाच्या पुढे गुण, दोघांनाही मंगळ नाही, पण एकनाड, आणि राशी वेगळ्या असल्याने रास एक असण्याचा परिहारही नाही. गुरुजींनी सांगितलं तेच मुलीने मुलाला त्याच संध्याकाळी जसंच्या तसं कळवलं. वडिलांनी महिनाभर मागून घेतला. मुलगा म्हणाला, "महिना ठीक. पण दुसरीकडे दाखवायचं नाही, ठरलंय आपलं." वडिलांनी ते पाळलं, हे मला विशेष वाटतं. महिन्याच्या शेवटी त्यांनी मुलीला विचारलं, "एकनाडीचं तुझ्या सासरी कुणाला ठाऊक आहे?" ती म्हणाली, "मुलाला आणि त्याच्या आईला. त्यांना काही वाटलं नाही." "मग आपल्याकडेही चौघांच्या बाहेर जायला नको. आत्याला तर नकोच," वडील म्हणाले, आणि मुहूर्त काढायला त्याच गुरुजींकडे जायचं ठरलं, कारण त्यांना आता नव्याने काही कळायचं नव्हतं.